‘लिंक चालत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं?

आमच्या शाळेच्या १९८६ च्या दहावीच्या तुकडीचं संमेलन ठरलं, आणि संगणकातलं थोडंफार कळतं म्हणून नोंदणीचं पान बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पान साधंच होतं. नाव, गाव, मोबाइल, ई-मेल आणि पासवर्ड भरायचा, मग आपल्या पत्त्यावर आलेला मेल उघडून त्यातल्या लिंकवर बोट ठेवायचं, की खातं चालू. दोनशेच्या आसपास वर्गमित्र-मैत्रिणींनी फॉर्म भरला आणि आठवड्याभरात माझा फोन वाजायला लागला. प्रत्येकाचं वाक्य एकच, “अरे, ती तुझी लिंक काही चालत नाही बघ.”

“पोटात दुखतंय” एवढ्यावर डॉक्टरला औषध देता येत नाही, तसं या वाक्याचं आहे. मी जरा खोदून विचारायला लागलो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या. नागपूरच्या मैत्रिणीला मेलच आला नव्हता. कोल्हापूरच्या दुकानदार मित्राला मेल आला होता, पण लिंक दाबली की ‘लिंक चुकीची आहे’ असं दिसत होतं. आणि मुंबईत एका विमा कंपनीत नोकरीला असलेला तिसरा वैतागून सांगत होता, “पहिल्यांदाच दाबली रे, आणि तुझं पान म्हणतंय, ही लिंक आधीच वापरलेली आहे!”

या तिघांपैकी एकानेही लिंक चुकीच्या पद्धतीने दाबलेली नव्हती. ते कळायला आधी ती लिंक काय काम करते ते बघू.

फॉर्म पाठवला की सर्व्हर एक लांबलचक, कुणालाही ओळखता येणार नाही अशी अक्षरांची माळ तयार करतो. आमच्याकडे ती ४३ अक्षरांची होती. तिला टोकन म्हणतात. ही माळ दोनच ठिकाणी असते, सर्व्हरच्या नोंदवहीत आणि त्या एका मेलमध्ये. लिंक उघडली की टोकन सर्व्हरकडे परत येतं, सर्व्हर नोंदवहीतल्या माळेशी ते ताडून बघतो आणि खातं चालू करतो. टोकन परत आणणाऱ्या माणसाला ती मेलपेटी उघडता येते, एवढंच यातून सिद्ध होतं. टोकन एकदाच चालतं, आणि आमच्या पानावर त्याची मुदत २४ तासांची होती.

म्हणजे तीन गोष्टी जमून याव्या लागतात. मेल योग्य पेटीत पडला पाहिजे, टोकन वाटेत एका अक्षरानेही बदलता कामा नये, आणि लिंक सगळ्यात आधी त्या माणसानेच उघडली पाहिजे. माझ्या तीन वर्गमित्रांच्या बाबतीत यातली एकेक गोष्ट फसली होती.

मेल आलाच नाही

नागपूरच्या मैत्रिणीला मी दोनदा सांगितलं, “अगं, स्पॅममध्ये बघ.” तिने स्पॅम पाहिलं, प्रमोशन्सचा कप्पा पाहिला, मुलालाही बघायला लावलं. शेवटी मी नोंदवहीतली तिची ओळ काढली. पत्त्याच्या शेवटी `gmail.com` नव्हतं, `gmail.con` होतं. फोनच्या कीबोर्डवर m आणि n शेजारी-शेजारी असतात, बोट अर्धा सेंटिमीटर सरकलं होतं.

फॉर्मने तेव्हाच का अडवलं नाही? कारण फॉर्म पत्त्याचा फक्त आकार तपासतो. आधी काही अक्षरं, मग @, मग पुन्हा काही अक्षरं, मध्ये एखादं टिंब. हा साचा जुळला की तो खूश असतो. असा पत्ता जगात खरोखर आहे का, हे मेल पाठवल्याशिवाय त्याला कळत नाही.

पाठवल्यावरही ते नेहमी लगेच कळतं असं नाही. चूक पत्त्यात कुठे आहे त्यावर पुढचं ठरतं. `.con` या शेपटीचं कुठलंही डोमेन नाही, म्हणून पाठवणाऱ्या सर्व्हरने चौकशी केली की त्याच क्षणी ‘असं नाव नाही’ हे उत्तर मिळतं आणि मेल घराबाहेरच पडत नाही. @ च्या उजवीकडचं बरोबर असेल आणि डावीकडचं नाव चुकलं असेल, तर मेल जीमेलच्या दारापर्यंत जातो आणि तिथून `550 5.1.1` असा शेरा घेऊन परत येतो. या आकड्यांचा अर्थ, या नावाची पेटी आमच्याकडे नाही. आणि डोमेन खरं असेल पण तिथला सर्व्हर दारच उघडत नसेल, तर पाठवणारा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. निदान चार-पाच दिवस हार मानू नये, असं मेलचा मूळ नियमच सांगतो. तेवढे दिवस कुणालाच काही कळत नाही, आणि टोकनाची मुदत तर २४ तासांतच संपलेली असते.

आता प्रश्न असा, की ‘नाही पोचला’ हा निरोप जातो कुणाकडे? ज्या माणसाने पत्ता चुकवला त्याच्याकडे तो जाऊ शकत नाही, त्याचा खरा पत्ता कुणाला माहीतच नाही. निरोप पाठवणाऱ्याकडे परत येतो, जसं टपाल खात्याचं न पोचलेलं पाकीट पाठीमागे लिहिलेल्या पत्त्यावर येतं. आमच्या पानाचा पाठवणारा होता `no-reply` नावाचा पत्ता. सगळेच करतात म्हणून मीही तो तयार केला होता आणि एकदाही उघडला नव्हता. त्या दिवशी उघडला तर नऊ मेल वाट पाहत होते. नागपूरच्या मैत्रिणीचा त्यात पहिलाच होता. मी तिला स्पॅम धुंडाळायला लावत होतो आणि उत्तर माझ्याच पेटीत पडून होतं.

या सगळ्यांपेक्षा अवघड प्रकार निराळाच आहे. पत्ता चुकतो, पण चुकीचा पत्ताही खराच असतो, दुसऱ्याच कुणाचा तरी. नावापुढच्या 1968 मधला एक आकडा राहिला की मेल एखाद्या अनोळखी माणसाच्या पेटीत शांतपणे जाऊन पडतो. परत काहीच येत नाही. त्या माणसाने कुतूहलाने लिंक दाबली, तर खातं चालूही होतं, त्याच्या ताब्यात. २०२३ साली याचा एक मोठा नमुना जगासमोर आला. अमेरिकी सैन्याचे पत्ते `.mil` ने संपतात आणि पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे `.ml` ने. मधला एक i खाल्ला गेल्यामुळे सैन्याशी संबंधित मेल वर्षानुवर्षं मालीच्या डोमेनकडे जात होते. ते डोमेन सांभाळणाऱ्या डच उद्योजकाने त्या वर्षी जानेवारीपासून असे जवळजवळ १,१७,००० मेल गोळा करून ठेवले होते. तिथे तर पत्ते लिहिणारे सरावलेले लोक होते, आपण रात्री जेवणानंतर एका अंगठ्याने फॉर्म भरत असतो.

नागपूरच्या मैत्रिणीची खरी कोंडी पुढेच होती. तिने ‘मेल पुन्हा पाठवा’ हे बटण चार वेळा दाबलं होतं. पान इमानेइतबारे चारही वेळा त्याच `.con` वर मेल पाठवत राहिलं. मग तिने नव्याने नोंदणी करून पाहिली, तर ‘हा मोबाइल क्रमांक आधीच नोंदलेला आहे’. लॉगिन करावं तर ‘आधी ई-मेलची खात्री करा’. पत्ता दुरुस्त करायला लॉगिन हवं आणि लॉगिनला दुरुस्त पत्ता हवा. शिवाय तिच्या फोनच्या ब्राउझरने तो चुकीचा पत्ता लक्षात ठेवला होता आणि प्रत्येक फॉर्ममध्ये आपणहून तोच पुढे करत होता.

उपाय मात्र दोन ओळींचा निघाला. आता आमच्या पानावर फॉर्म पाठवल्यावर मोठ्या अक्षरांत दिसतं, ‘आम्ही या पत्त्यावर मेल पाठवला आहे’, त्याखाली पूर्ण पत्ता, आणि शेजारी ‘पत्ता बदला’. आपलाच पत्ता मोठ्या अक्षरांत समोर आला की चूक डोळ्यांना पटकन टोचते. दुसरी ओळ पडद्यामागची. २४ तासांत खात्री झाली नाही तर अर्धवट नोंद पुसायची, म्हणजे मोबाइल क्रमांक मोकळा होतो. पत्ता दोनदा लिहायला लावण्याचा जुना उपाय मी करून पाहिला होता. लोक पहिल्या चौकटीतला पत्ता कॉपी करून दुसऱ्या चौकटीत चिकटवतात, चुकीसकट.

लिंक चुकीची आहे

कोल्हापूरच्या मित्राचं प्रकरण मला दोन रात्री पुरलं. त्याचा पत्ता बरोबर होता, मेल मिळाला होता, मुदत शिल्लक होती. मी त्याला म्हटलं, “लिंक दाबू नकोस, नुसती कॉपी करून मला पाठव.” मग नोंदवहीवरून आम्ही पाठवलेली लिंक काढली आणि दोन्ही एकाखाली एक ठेवल्या. टोकन इथे सोयीसाठी छोटं केलं आहे.

```
https://example.org/confirm?t=4fK9xQ2m
https://example.org/confirm?tOK9xQ2m
```

पहिली आम्ही पाठवलेली, दुसरी त्याला दिसलेली. बरोबरचं चिन्ह, 4 आणि f, ही तीन अक्षरं गायब होऊन त्यांच्या जागी एक O आला होता. सर्व्हर `t=` च्या पुढे काय आहे ते शोधतो. इथे `t=` च नाही, मग तो म्हणणारच, लिंक चुकीची आहे.

हे कुणी केलं? त्याच्या फोनमधल्या मेलच्या प्रोग्रॅमने. आणि त्याला तसं करायला मीच सांगितलं होतं.

त्याचं मूळ मेलच्या जुन्या इतिहासात आहे. मेल जन्माला आला तेव्हा त्याच्या वाटेवरून फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं सुखरूप जात. देवनागरीचं प्रत्येक अक्षर संगणकात तीन बाइट घेतं आणि ते बाइट त्या अरुंद वाटेत बसत नसत. म्हणून १९९२ मध्ये मेलसाठी बांधणीचे नवे नियम आले. त्यातली एक रीत अशी, की वाटेत न बसणारा प्रत्येक बाइट त्याच्या दोन अंकी क्रमांकाने लिहायचा आणि क्रमांकाच्या आधी बरोबरचं चिन्ह टाकायचं. हे क्रमांक सोळाच्या पटीत मोजतात, त्यामुळे ० ते ९ आणि A ते F अशी सोळा चिन्हं त्यात येतात. या रीतीने आपला ‘न’ `=E0=A4=A8` असा प्रवास करतो. ‘नमस्कार’ लिहायला ६३ अक्षरं लागतात. मिळालेल्या टोकाला मेलचा प्रोग्रॅम ती गाठोडी सोडतो आणि आपल्याला पुन्हा ‘नमस्कार’ दिसतो.

आता बरोबरचं चिन्ह म्हणजे गाठोड्याची खूण ठरली, तर मजकुरात खरोखरच बरोबरचं चिन्ह असेल त्याचं काय? त्यालाही गाठोड्यात बांधायचं. त्याचा क्रमांक 3D आहे, म्हणून ते `=3D` असं लिहितात.

माझे सुरुवातीचे मेल मराठीत होते आणि ते काही जणांना अगम्य चिन्हांच्या रूपात दिसत होते. शोधाशोध करून मी मेलच्या माथ्यावर या दोन ओळी घातल्या.

```
Content-Type: text/plain; charset=utf-8
Content-Transfer-Encoding: quoted-printable
```

पहिली ओळ सांगते, मजकूर कुठल्या अक्षरसंचात आहे. तिने काम केलं, देवनागरी नीट दिसायला लागली. दुसरी ओळ सांगते, मजकूर वरच्या रीतीने गाठोड्यात बांधलेला आहे, दाखवण्याआधी सोडा. मी ती ओळ घातली, पण मजकूर बांधलाच नव्हता. देवनागरी बाइटांत बरोबरचं चिन्ह नसल्याने प्रोग्रॅमने ते जसेच्या तसे दाखवले आणि मला वाटलं, जमलं. लिंकमध्ये मात्र एक बरोबरचं चिन्ह होतं. त्याच्यापुढे 4 आणि f दिसल्यावर प्रोग्रॅमने हे गाठोडं समजून सोडलं. 4f हा क्रमांक O या अक्षराचा.

मग सगळ्यांचीच लिंक का बिघडली नाही? यासाठी थोडा हिशोब केला, आणि तोच मला पटवून गेला. आमचं टोकन ६४ चिन्हांतून बनतं: मोठी आणि छोटी इंग्रजी अक्षरं, दहा आकडे, आणि दोन जास्तीची चिन्हं. त्यांपैकी गाठोड्याच्या क्रमांकात चालण्यासारखी २२ आहेत: दहा आकडे आणि a ते f, छोटी आणि मोठी. गडबड व्हायला टोकनाची पहिली दोन्ही चिन्हं या २२ मधली असावी लागतात. २२ भागिले ६४, आणि त्याचा वर्ग, म्हणजे शंभरात सुमारे बारा. दोनशे मेलांत तेवीस-चोवीस. ‘लिंक चुकीची’ अशी तक्रार करणारे माझ्या वहीत तेवीस होते.

तेवीसही जणांना एकच दृश्य दिसलं नव्हतं, तेही आता कळलं. ज्यांच्या टोकनाची सुरुवात `b7` सारख्या क्रमांकाने होती, त्यांना लिंकमध्ये काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसलं होतं, कारण तो बाइट एकटा कुठल्याच अक्षराचा नसतो. एकीच्या टोकनाची सुरुवात `0a` ने होती. 0a म्हणजे नवी ओळ. तिची लिंक मधोमध तुटून अर्धी खालच्या ओळीत गेली होती.

आणि एक गंमत. यातल्या बहुतेकांनी मला फोन करण्याआधी मेल पुन्हा मागवला असता, तर त्यांचं काम झालं असतं. दर वेळी टोकन नवं बनतं, आणि नव्या टोकनाला बिघडण्याची शक्यता पुन्हा शंभरात बाराच. म्हणूनच ‘पुन्हा करून बघा, होतं कधी कधी’ हा सल्ला लोकांच्या अनुभवाला येतो आणि खरा बिघाड महिनोन् महिने कुणी शोधत नाही. मात्र पुन्हा मागवताना एक ध्यानात ठेवावं. नवा मेल निघाला की बहुतेक पानं जुनं टोकन रद्द करतात. मेलपेटीत एकाच विषयाचे मेल एकाखाली एक गोळा होतात आणि घाईत जुन्याच मेलमधली लिंक दाबली जाते. सगळ्यात शेवटी आलेला मेल उघडायचा.

दुरुस्ती माझ्या बाजूची होती. हाताने ती ओळ लिहिणं सोडून मेल बांधायचं काम तयार लायब्ररीकडे सोपवलं. ती देवनागरीही बांधते आणि लिंकमधलं बरोबरचं चिन्ह `=3D` करते. त्या दिवसापासून या जातीची तक्रार आलेली नाही.

लिंक तुटण्याची आणखी एक साधी तऱ्हा आहे, तीही डोळ्यांनी ओळखता येते. साध्या मजकुराच्या मेलमध्ये लांब ओळ साधारण ७६-७८ अक्षरांवर मोडण्याची जुनी सवय आहे. लिंक तिथे मोडली की पहिला तुकडा निळा दिसतो आणि उरलेला काळा, खालच्या ओळीत. निळ्यावर बोट ठेवलं की अर्धंच टोकन जातं. अशा वेळी दोन्ही तुकडे कॉपी करून, मधली मोकळी जागा काढून, ब्राउझरच्या पट्टीत चिकटवले की काम होतं.

आधीच वापरलेली आहे

मुंबईच्या मित्राने ऑफिसचा पत्ता दिला होता. त्याने कॉपी करून पाठवलेली लिंक ओळखूच येईना. ती आमच्या पत्त्याने सुरू होण्याऐवजी `safelinks.protection.outlook.com` या नावावर जात होती, आणि पुढे कुठेतरी `url=https%3A%2F%2F` अशी सुरुवात होऊन आमची लिंक गुंडाळलेली होती. बारकाईने पाहिलं तर `t=` च्या जागी `t%3D` होतं. तेच 3D, बरोबरच्या चिन्हाचा क्रमांक, फक्त इथे गाठोड्याची खूण टक्क्याचं चिन्ह आहे.

ही मोडतोड नव्हती. बऱ्याच कंपन्या फसव्या मेलांपासून बचाव म्हणून अशी सोय घेतात. मायक्रोसॉफ्टची सेफ लिंक्स ही त्यातली एक, प्रूफपॉइंट, माइमकास्ट यांच्याही आहेत. आलेल्या मेलमधली प्रत्येक लिंक त्या आपल्या पत्त्यात गुंडाळतात. कर्मचाऱ्याने दाबली की आधी त्यांच्या सर्व्हरवर जातं, तिथे पान घातक नाही ना हे बघितलं जातं, मग गुंडाळी सोडून मूळ पानावर पाठवलं जातं. गुंडाळी नीट सुटली तर टोकन जसंच्या तसं पोचतं, आणि माझ्या मित्राचं पोचलंही होतं.

अडचण आधीच झाली होती. पान घातक आहे की नाही हे बघायचं तर ते उघडावं लागतं. मेल त्याच्या पेटीत पडण्याआधीच्या तपासणीत यंत्राने लिंक उघडली. आमच्या सर्व्हरला माणूस आणि यंत्र यात फरक दिसला नाही. टोकन जुळलं, खातं चालू झालं, टोकन वापरलेलं म्हणून खोडलं गेलं. पाच मिनिटांनी माझा मित्र चहा पिऊन जागेवर आला आणि त्याने लिंक दाबली, तोवर ती शिळी झाली होती. मी नोंदी पाहिल्या. मेल गेल्यापासून चार सेकंदांत पहिली भेट. चार सेकंदांत मेल उघडून, वाचून, लिंक दाबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून त्याला मी सांगितलं, “अरे, सरळ लॉगिन करून बघ.” झालं. त्याचं खातं केव्हाचंच चालू होतं. बिघडला होता तो फक्त निरोप.

घरगुती वापरातही हे होतं. लिंक उघडत नाही म्हणून आई ती व्हॉट्सॲपवर लेकीला पाठवते. व्हॉट्सॲप लिंकखाली छोटं चित्र आणि शीर्षक दाखवतं ना, ते आणण्यासाठी पाठवणाऱ्याच्याच फोनवरून ते पान एकदा उघडलं जातं. टोकन तिथेच खर्ची पडतं, आणि लेक दाबते तेव्हा ‘आधीच वापरलेली आहे’.

चूक इथे यंत्राची म्हणता येत नाही. वेबचा जुना नियम असा आहे, की नुसतं पान उघडण्याने काहीही बदलता कामा नये. बदल करायचा तर माणसाने फॉर्म भरून किंवा बटण दाबून करावा. २००५ साली गूगलने पानं लवकर उघडावीत म्हणून एक जोडप्रोग्रॅम काढला होता. तो माणूस दाबण्याआधीच पानावरच्या लिंका उघडून ठेवायचा. काही वेबसाइटवर ‘काढून टाका’ हीसुद्धा साधी लिंकच होती. प्रोग्रॅमने त्याही उघडल्या आणि लोकांची माहिती पुसली गेली. मी वीस वर्षांनी तीच चूक दुसऱ्या दाराने केली होती.

आता आमची लिंक उघडली की एक पान येतं, ‘तुमचं खातं चालू करायचं?’, आणि खाली एक बटण. टोकन बटण दाबल्यावरच खर्ची पडतं. लिंक तपासणारी यंत्रं सहसा पान बघून परत जातात, बटण दाबत नाहीत. सहसाच, कारण काही यंत्रं पान पुरतं चालवून बघतात. त्यामुळे बँका आणि बऱ्याच कंपन्या लिंकऐवजी सहा आकडी कोड पाठवतात. कोड गुंडाळता येत नाही, मधोमध तुटत नाही, आणि यंत्राला तो टाकायला जागा नसते. पण त्याची आपली मर्यादा आहे. सहा आकड्यांचे कोड होऊन होऊन दहा लाख, म्हणून चार-पाच चुकांनंतर तो बाद करावा लागतो. ४३ अक्षरांच्या टोकनाला ती भीती नाही.

यंत्राने खातं चालू करण्यात एक धोकाही आहे, तो मला उशिरा दिसला. समजा कुणी पत्ता लिहिताना चूक केली आणि मेल भलत्याच कंपनीतल्या एखाद्या पेटीत गेला. तिथल्या तपासणी यंत्राने लिंक उघडली, आणि सर्व्हरने नोंद केली, पत्त्याची खात्री झाली. ना लिहिणाऱ्याने मेल पाहिला, ना पेटीच्या मालकाने. ज्या कामासाठी ही सगळी खटपट आहे तेच झालं नाही.

फोन आला की

आता वर्गातल्या कुणाचाही फोन आला तर मी आधी विचारतो, पडद्यावर काय दिसतंय ते शब्दन् शब्द वाच. मेलच नसेल तर पाच मिनिटं थांबून पत्ता तपासायचा. नोंदणीच्या पानावर दिसत असेल तर तिथे, नाहीतर ब्राउझर आपणहून कुठला पत्ता सुचवतो ते पाहून. @ च्या उजवीकडून सुरुवात करायची, कारण `gmial`, `.con`, `yahoo.co.in` ऐवजी `yahoo.com` अशा चुका तिथेच लपतात. जीमेलच्या नावातलं टिंब मागे-पुढे झालं तरी चालतं, जीमेल ते मोजत नाही, बाकीच्यांचं तसं नसतं. पत्ता चुकलेला असेल तर ‘पुन्हा पाठवा’ दाबून काही होणार नाही. बरोबर पत्त्याने नवी नोंदणी करायची, आणि तीही अडली तर बरोबर पत्त्यावरून पानवाल्यांना लिहायचं.

‘चुकीची’ दिसत असेल तर शेवटचा मेल, पूर्ण लिंक, आणि शक्य असेल तर फोनऐवजी ब्राउझरमध्ये मेल उघडून बघणं. तरीही नाही झालं तर लिंक कॉपी करून पानवाल्यांना पाठवायची. ‘चालत नाही’ या दोन शब्दांतून त्यांना काही कळणार नाही, लिंकमधल्या एका विचित्र अक्षरातून सगळं कळू शकतं. आणि ‘आधीच वापरलेली’ असेल तर पहिली गोष्ट, लॉगिन करून बघायचं.

माझ्या बाजूने मी आणखी एक बदल केला. `no-reply` काढून टाकला. आमचे मेल आता ज्या पत्त्यावरून जातात तो मी रोज सकाळी उघडतो. मधल्या काळात त्यात परत आलेले दोन मेल सापडले, दोन्ही `.con`. दोघांचे मोबाइल नोंदवहीत होते, म्हणून फोन मीच केला. त्यातला एक म्हणाला, “तुला कसं कळलं रे? मी तर अजून तक्रारही केली नव्हती.”